खरेदीवर भरलेला जीएसटी वजा कसा करायचा: धायरीतल्या एका दुकानाचा मे महिना

समजा, धायरीत विजेच्या सामानाचं नवं दुकान निघालं आहे. वायर, स्विच, पंखे, एलईडी दिवे. गाळा स्वतःचा, जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीतली आणि रिटर्न दर महिन्याला भरायचं. मे महिन्यात दुकानदाराने माल भरला, गिऱ्हाईकं आली, विक्री ४,२०,००० रुपयांची झाली. सगळ्या मालावर १८ टक्के जीएसटी आणि सगळी गिऱ्हाईकं महाराष्ट्रातलीच, त्यामुळे त्याने गोळा केलेला कर झाला ७५,६०० रुपये. त्यातले ३७,८०० केंद्राचे, म्हणजे सीजीएसटी, आणि ३७,८०० राज्याचे, म्हणजे एसजीएसटी.

आता खरेदीची फाइल उघडू. तिच्यात पाच बिलं आहेत. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मालावर सीजीएसटी आणि एसजीएसटी या दोहोंऐवजी एकच आयजीएसटी लागतो.

| खरेदी | किंमत | सीजीएसटी | एसजीएसटी | आयजीएसटी |
|---|---|---|---|---|
| तपकीर गल्लीतला घाऊक व्यापारी, वायर व दिवे | २,००,००० | १८,००० | १८,००० | – |
| दिल्लीचा कारखानदार, पंखे | १,५०,००० | – | – | २७,००० |
| बुधवार पेठेतला छोटा व्यापारी, स्विच | ४०,००० | ३,६०० | ३,६०० | – |
| बिलिंगसाठी संगणक व प्रिंटर | ५०,००० | ४,५०० | ४,५०० | – |
| माल आणायला स्कूटर | ८०,००० | ७,२०० | ७,२०० | – |

पाचही बिलांवरच्या कराची बेरीज ९३,६०० येते. दुकानदार बोटांवर हिशोब करतो: भरायचे ७५,६००, आधीच दिलेले ९३,६००, म्हणजे उलट सरकारकडेच आपले १८,००० निघतात. जून उजाडल्यावर मात्र त्याला ३,६०० रुपये रोख भरावे लागतात. हा फरक कुठून आला हे नीट कळलं, की इनपुट टॅक्स क्रेडिटमधलं छोट्या व्यापाऱ्याला लागणारं बहुतेक सगळं कळलं.

आधी मुळातला हिशोब

विक्रीवर गोळा केलेल्या करातून खरेदीवर दिलेला कर वजा करायचा आणि उरलेला सरकारजमा करायचा. या वजावटीलाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात, बाजारात सगळे आयटीसी म्हणतात. वजावटीचे पैसे बँकेत येत नाहीत. ते जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिट लेजरमध्ये जमा होतात आणि तिथून फक्त कर भरायला वापरता येतात. जास्त उरले तर पुढच्या महिन्यात जातात.

हे सगळं नेहमीच्या नोंदणीवाल्यांसाठी. कंपोझिशन योजना घेतलेला व्यापारी उलाढालीवर १ टक्का भरतो, पण त्याला खरेदीवरचा एक रुपयाही वजा करता येत नाही आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर कर लावता येत नाही. तुमची बहुतेक विक्री ठेकेदारांना किंवा सोसायट्यांचं काम करणाऱ्या नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनला असेल तर कंपोझिशनच्या वाटेला जाऊ नका. त्या लोकांना तुमच्या बिलावरचा कर स्वतःच्या हिशोबात हवा असतो आणि तो मिळत नाही म्हटलं की ते पुढच्या दुकानात जातात.

पहिली पायरी: बिल हातात घेतानाच वाचा

पक्क्या बिलावर पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, तुमचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, मालाचा एचएसएन कोड आणि कर वेगळा दाखवलेला असला पाहिजे. तुमचा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा म्हणून २७ ने सुरू होतो. त्यातलं एक अक्षर चुकलं तर क्रेडिट तुमच्या खात्यात येणार नाही. आणि क्रमांक टाकलाच नाही, तर पुरवठादाराचा हिशोबनीस ते बिल किरकोळ विक्रीत धरून मोकळा होतो. त्याने कर भरलेला असतो, तुमच्याकडून घेतलेला असतो, फक्त तो तुमच्या नावावर नसतो. म्हणून काउंटरवर उभे असतानाच क्रमांक तपासा. महिन्याने फोन करून बिल दुरुस्त करून घेण्यात जीव जातो.

एस्टिमेटची चिठ्ठी, डिलिव्हरी चलन, वहीतलं पान यांवर वजावट मिळत नाही. बाजारात कुणीतरी सांगेलच, "पक्कं बिल कशाला, १८ टक्के वाचतील." हा हिशोब एकदा स्वतः करून बघा. १०० रुपयांचा माल पक्क्या बिलाने ११८ ला पडतो, पण १८ वजा होतात, म्हणजे खरी किंमत १००. कच्च्या चिठ्ठीवर तोच माल १०० ला मिळतो, म्हणजे खरी किंमत १००. वाचलं काहीच नाही. वाचतं ते पुढे तुम्हीही बिनबिलाची विक्री केली तरच, आणि ती कर चुकवेगिरी आहे. वर त्या मालाची खरेदी हिशोबात दाखवता येत नाही आणि स्टॉकचा मेळ बसत नाही तो वेगळाच.

नव्या पुरवठादाराचा क्रमांक gst.gov.in वर `Search Taxpayer` मध्ये टाकून बघा. लॉगिन लागत नाही. नोंदणी चालू आहे की रद्द झाली, तो कंपोझिशनवाला आहे का आणि त्याने गेल्या काही महिन्यांची रिटर्न कोणत्या तारखांना भरली, हे सगळं तिथे दिसतं. ज्याची रिटर्न तीन-तीन महिने मागे आहेत, त्याच्याकडचा दर दोन टक्क्यांनी कमी असला तरी तो स्वस्त नाही.

दुसरी पायरी: १४ तारखेला टूबी उघडा

तुमच्या हातातलं बिल एकट्याने पुरेसं नाही, हे नव्या माणसाला पचायला जड जातं. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यात स्पष्ट अट आहे: पुरवठादाराने ते बिल आपल्या विक्रीच्या विवरणात चढवलेलं हवं आणि ते तुमच्या `GSTR-2B`, म्हणजे टूबी या पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत दिसायला हवं. साधारण क्रम असा. दर महिन्याला रिटर्न भरणारा पुरवठादार पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत `GSTR-1` मध्ये त्याची विक्री बिलवार चढवतो. १४ तारखेला पोर्टल त्यावरून तुमचं टूबी तयार करतं. २० तारखेपर्यंत तुम्ही `GSTR-3B`, म्हणजे थ्रीबी भरून हिशोब मिटवता. म्हणजे खरं काम १४ ते २० या सहा दिवसांतलं आहे.

आपल्या दुकानदाराने १४ जूनला मेचं टूबी उतरवून घेतलं आणि फाइलमधल्या बिलांशी एकेक ओळ ताडून बघितली. चार बिलं आहेत, पाचवं नाही. बुधवार पेठेतल्या स्विचवाल्याचं ७,२०० रुपये कराचं बिल गायब.

अशा वेळी लगेच त्याला चोर ठरवू नका. वर्षाला पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेला व्यापारी तिमाही रिटर्नचा पर्याय घेऊ शकतो. त्याने तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांतली बिलं `IFF` नावाच्या सोयीतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवली, तर ती तुम्हाला त्याच महिन्याच्या टूबीत मिळतात. नाही चढवली, तर ती तिमाही संपल्यावर एकदम येतात. एप्रिल ते जून ही तिमाही, म्हणून मेचं हे बिल जूनच्या टूबीत, म्हणजे १४ जुलैला दिसेल. क्रेडिट बुडालेलं नाही, महिनाभर अडकलं आहे. स्विचवाल्याला इतकंच सांगायचं, "दादा, आमची बिलं आयएफएफमध्ये टाकत जा." पुष्कळ छोट्या व्यापाऱ्यांना ही सोय माहीतच नसते.

बिल दिसत नसताना "माझ्याकडे पक्कं बिल आहे ना" म्हणून थ्रीबीत ते ७,२०० हाताने वाढवायचे नाहीत. टूबीपेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त क्रेडिट घेतलं, की पोर्टल आपोआप `DRC-01C` ही सूचना पाठवतं. सात दिवसांत जास्तीचे पैसे भरून किंवा कारण देऊन उत्तर द्यावं लागतं, नाही तर पुढचं `GSTR-1` भरताच येत नाही. तुमचं `GSTR-1` अडलं की तुमच्या गिऱ्हाइकांचं क्रेडिट अडतं, आणि मग फोन तुम्हाला येतात. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं असेल तर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं.

तिसरी पायरी: दिसलं म्हणजे मिळालं असं नाही

टूबीत दिसणाऱ्या चार बिलांत स्कूटरचंही बिल आहे. दुकानाच्या नावावर घेतली, शोरूमने जीएसटी क्रमांक घालून बिल दिलं, पोर्टलने १४,४०० रुपये क्रेडिट म्हणून दाखवले. तरी ते घेता येत नाहीत.

पोर्टलला फक्त बिल दिसतं. तुम्ही ती वस्तू कशासाठी घेतली आणि कायद्याने ती चालते का, हे तुम्हीच ठरवायचं असतं. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये वजावट न मिळणाऱ्या गोष्टींची यादी आहे. चालकासह १३ पर्यंत माणसं बसतील अशी प्रवासी वाहनं त्यात येतात, आणि दुचाकी त्यातच मोडते. तुम्ही तिच्यावरून तपकीर गल्लीतून वायरची बंडलं आणत असलात तरीही. मालवाहू टेम्पो घेतला असता तर मात्र त्यावरचा कर वजा झाला असता. उद्घाटनाचं जेवण आणि नाश्ता, दुकानाच्या क्रमांकावर घेतलेला घरचा टीव्ही, चोरीला गेलेला किंवा फुटल्यामुळे टाकून दिलेला माल, दिवाळीला गिऱ्हाइकांना फुकट दिलेल्या वस्तू, यांच्यावरचा करही वजा होत नाही. फुटक्या ट्यूबलाइट कचऱ्यात जातात तेव्हा त्यांच्यावर आधी घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं, हे विजेच्या दुकानात सर्रास विसरलं जातं.

थ्रीबी भरताना टूबीतले आकडे तक्ता ४ मध्ये आपोआप येतात. स्कूटरचे ७,२०० आणि ७,२०० तक्ता ४(बी)(१) मध्ये लिहून कमी करायचे. हे कायमचं कमी, पुन्हा मागता येत नाही.

संगणकाचं बिल चालतं, कारण तो धंद्यातच वापरला जातो. फक्त हिशोबनिसाला सांगा की वहीत संगणकाची किंमत ५०,००० लिही, ५९,००० नव्हे. कराच्या ९,००० वर आयकरात घसाराही घ्यायचा आणि इकडे वजावटही घ्यायची, हे कायदा चालू देत नाही. स्कूटरचं उलट आहे: तिथे वजावट नाही, म्हणून कर किमतीत मिसळून पूर्ण ९४,४०० वर घसारा धरता येतो.

अजून एक अट मालाची. माल तुमच्या हातात यायला हवा. दिल्लीच्या पंख्यांचं बिल २९ मेचं आणि ट्रक धायरीत २ जूनला आला असता, तर टूबीत बिल मेमध्ये दिसूनही ते २७,००० मेमध्ये घेता आले नसते. अशा बिलाला पोर्टलवरच्या `Invoice Management System` मध्ये थ्रीबी भरण्याआधी `Pending` करून ठेवायचं. माल आल्यावर पुढच्या महिन्यात स्वीकारायचं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. तिथे तुम्ही काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असंच धरलं जातं. म्हणून तुमच्या नावावर कुणी भलतंच बिल चढवलं असेल तर ते तिथेच `Reject` करा. आपल्या उदाहरणात पंखे २४ मेलाच उतरले, तेव्हा अडचण नाही.

चौथी पायरी: कोणतं क्रेडिट कशाला लावायचं

आता हातात उरलं: सीजीएसटी १८,००० अधिक ४,५००, म्हणजे २२,५००. एसजीएसटीही तेवढंच, २२,५००. आणि आयजीएसटी २७,०००. एकूण ७२,०००. भरायचे आहेत ३७,८०० आणि ३७,८००.

नियम तीनच आहेत. सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला लागत नाही आणि उलटही नाही. आयजीएसटीचं क्रेडिट सगळ्यात आधी संपवायचं, आधी आयजीएसटीच्या देण्याला, मग बाकीच्या दोहोंना. आणि त्या दोहोंत ते कसं वाटायचं याची मोकळीक तुम्हाला आहे.

या मोकळिकीत पैसे आहेत. समजा दुकानदाराने २७,००० सगळेच्या सगळे सीजीएसटीला लावले. मग सीजीएसटीचे फक्त १०,८०० उरतात, ते स्वतःच्या क्रेडिटमधून फिटतात आणि ११,७०० सीजीएसटी क्रेडिट पडून राहतं. पण एसजीएसटीचं देणं ३७,८००, क्रेडिट २२,५००, म्हणजे १५,३०० रोख काढावे लागतात, शेजारच्या रकान्यात ११,७०० पडलेले असताना.

त्याऐवजी २७,००० निम्मे-निम्मे केले तर:

```
सीजीएसटी: ३७,८०० − १३,५०० − २२,५०० = १,८०० रोख
एसजीएसटी: ३७,८०० − १३,५०० − २२,५०० = १,८०० रोख
```

एकूण रोख ३,६००. पंधरा हजारांच्या जागी साडेतीन हजार. पोर्टल थ्रीबीच्या तक्ता ६.१ मध्ये स्वतःहून एक वाटप सुचवतं, पण ते बदलता येतं. "फाइल" दाबण्याआधी कागदावर एकदा मांडून बघा, कारण एकदा भरलं की त्या महिन्याचं वाटप बदलत नाही. पडून राहिलेलं क्रेडिट बुडत नाही हे खरं, पण नव्या दुकानात जूनमध्ये हाताशी असलेले ११,७०० रुपये आणि लेजरमधले ११,७०० यांत मोठा फरक असतो.

स्विचवाल्याचं बिल वेळेत चढलं असतं तर हे ३,६००ही लागले नसते. उलट दोन्ही रकान्यांत १,८०० शिल्लक राहिले असते.

रोख रक्कम चलन काढून कॅश लेजरमध्ये भरायची, तिथून देणं वळतं करायचं आणि २० जूनच्या आत थ्रीबी दाखल करायचं. तुम्ही स्वतः तिमाहीवाले असाल तर तुमचं टूबी आणि थ्रीबी तिमाहीचंच असतं, महाराष्ट्रात थ्रीबीची मुदत तिमाहीनंतरच्या महिन्याची २२ तारीख, आणि मधल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरावा लागतो. सुरुवातीचं एखादं वर्ष मासिक ठेवावं असं माझं मत आहे. काम वाढतं, पण चूक तीन महिने साचत नाही.

क्रेडिट घेतल्यानंतरही ते जाऊ शकतं

पुण्याच्या बाजारात उधारी चालते, आणि तिची इथे गाठ पडते. पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं, पण व्याज गेलं ते गेलं. तपकीर गल्लीतल्या व्यापाऱ्याचे २,३६,००० थकले असतील, तर बिलाच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या थोडं आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

दुसरा धोका पुरवठादाराचा. त्याने बिल चढवलं, तुमच्या टूबीत आलं, तुम्ही क्रेडिट घेतलं, पण त्याने स्वतःचं थ्रीबी भरलंच नाही, म्हणजे कर सरकारजमा केलाच नाही. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने ते भरलं नाही, तर तुम्हाला ३० नोव्हेंबरपर्यंत तेवढं क्रेडिट उलटवावं लागतं. त्याने पुढे कधी भरलं तर पुन्हा घेता येतं. यावर बाजारात चालणारा उपाय साधा आहे: नव्या, अनोळखी पुरवठादाराला मालाची किंमत ठरल्याप्रमाणे द्यायची आणि कराची रक्कम टूबीत बिल दिसल्यावर द्यायची. हे व्यवहार ठरतानाच बोलून घ्या, नंतर काढलं तर संबंध बिघडतात.

आणि विसरलेल्या बिलांची शेवटची तारीख: ज्या आर्थिक वर्षाचं बिल, ते वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर, किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरल्याचा दिवस, यांत जो आधी येईल तो. त्यानंतर ते क्रेडिट कायमचं गेलं.

दुकान आधीच चालू असेल तर

मालाच्या विक्रीत नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाखांची आहे, म्हणून अनेक जण बिननोंदणी सुरू करून नंतर जीएसटीत येतात. त्यांच्याकडे नोंदणीच्या आदल्या दिवशी शिल्लक असलेल्या मालावरचा करही वजा होतो. त्यासाठी `ITC-01` हा फॉर्म ३० दिवसांत भरावा लागतो, बिलं एका वर्षापेक्षा जुनी नसावी लागतात आणि मागणी दोन लाखांच्या वर असेल तर सीएचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणीची मर्यादा ओलांडली असेल तर ३० दिवसांच्या आत अर्ज केलेला असला पाहिजे. हे क्रेडिट विक्रीच्या मालाचं. आधी घेतलेल्या संगणकाचं किंवा कपाटाचं यात मिळत नाही. म्हणून नोंदणीचा क्रमांक आला, की त्याच आठवड्यात स्टॉक मोजून बिलवार यादी करा. जुन्या बिलांवर तुमचा जीएसटी क्रमांक नसणारच, तेव्हा निदान दुकानाचं नाव तरी हवं.

भाड्याच्या गाळ्यात असाल आणि मालकाची जीएसटी नोंदणी नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्हालाच भरावा लागतो. तो क्रेडिटमधून फिटत नाही, रोखच द्यावा लागतो; पण भरल्यावर त्याच महिन्याच्या थ्रीबीत त्याची वजावट घेता येते. २०,००० भाडं असेल तर ३,६०० आधी रोख भरा आणि त्याच महिन्याच्या क्रेडिटमध्ये धरा. त्यासाठी मालकाच्या वतीने स्वतःच स्वतःला बिल बनवावं लागतं, ते फाइलला लावून ठेवा.